कुणीच आऊट नाही, तरी खेळ रंगतो

संगीत खुर्चीचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. २० मुलं, १९ खुर्च्या. दर फेरीला एक मूल बाद आणि एक खुर्ची कमी, म्हणजे विजेता ठरेपर्यंत १९ फेऱ्या. गाणं लावणं, थांबवणं, ‘मीच आधी बसलो’ हे भांडण मिटवणं आणि खुर्ची उचलणं, हे सगळं धरून फेरीला एक मिनिट लागतं असं मानलं, तर पहिल्याच फेरीत बाद झालेलं मूल पुढची १८ मिनिटं भिंतीला टेकून बसतं. दहावी फेरी संपते तेव्हा निम्मी मुलं बाहेर असतात. सगळी मुलं शेवटपर्यंत खेळली असती, तर मिळून ३८० वेळा कुणी ना कुणी खुर्चीकडे धावलं असतं. प्रत्यक्षात हा आकडा २०९ वर थांबतो.

त्यातही सगळ्यात आधी कोण बाहेर जातं हे जवळजवळ ठरलेलं असतं. जे मूल ठेंगणं आहे, ज्याला धक्काबुक्की जमत नाही, जे पुढच्याला वाट देतं किंवा ज्याचं लक्ष जरा उशिरा वळतं, ते पहिल्या तीन-चार फेऱ्यांत जातं. खेळायची सवय ज्याला सगळ्यात कमी, त्यालाच सगळ्यात कमी खेळायला मिळतं. शेवटी उरतात ती दोन मुलं, जी एरवीही मैदानावर असतातच.

शारीरिक शिक्षणाच्या क्षेत्रात ही तक्रार जुनी आहे. अमेरिकेतले प्राध्यापक नील विल्यम्स यांनी १९९२ मध्ये शाळांतून हद्दपार व्हावेत अशा खेळांची एक यादीच प्रसिद्ध केली. तिच्यात चेंडू मारून बाद करण्याच्या डॉजबॉलबरोबर संगीत खुर्चीही होती. त्याआधी, १९७८ मध्ये, कॅनडातले क्रीडा मानसशास्त्रज्ञ टेरी ऑर्लिक यांनी सहकारी खेळांवर एक पुस्तक लिहिलं. त्यांचा मार्ग वेगळा होता. संगीत खुर्ची बंद न करता त्यांनी तिचा फक्त एक नियम बदलला : खुर्च्या कमी होत जातील, मुलं मात्र कमी होणार नाहीत. उरलेल्या खुर्च्यांवर सगळ्यांनी मिळून मावायचं.

हा बदल दिसतो तितका सोपा नाही. ‘आऊट’चा नियम नुसता काढून टाकला की बहुतेक खेळ पाच मिनिटांत ढेपाळतात, कारण आऊट होणं खेळात काही कामं करत असतं. त्यामुळे चूक महाग पडते आणि म्हणून धाकधूक राहते. खेळ कधी संपला हेही त्यामुळेच कळतं आणि शेवटी कुणाला टाळ्या वाजवायच्या तेही ठरतं. आऊट काढायचं असेल, तर ही कामं दुसऱ्या कशावर तरी सोपवावी लागतात.

ती कशावर सोपवायची याची उत्तरं शोधायला कॅनडापर्यंत जायची गरज नाही. जुन्या हुतुतूचे, म्हणजे कबड्डीचे, तीन प्रकार सांगितले जातात. गामिनीमध्ये बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसायचा. संजीवनीमध्ये समोरचा गडी बाद झाला की आपला एक गडी जिवंत होऊन आत यायचा. आजची कबड्डी याच नियमावर चालते. तिसरा प्रकार अमर. त्यात बाद झालेला गडी मैदान सोडतच नसे. समोरच्या संघाला गुण मिळायचा आणि खेळ तसाच पुढे सरकायचा. संगीत खुर्ची गामिनीच्या जातीची आहे. शाळेच्या खेळवर्गातला कोणताही बाद करणारा खेळ हाती घेतला, तर पहिला प्रश्न हाच विचारायचा, की याला संजीवनी करता येईल की अमर?

समजा, चौथी-पाचवीची २४ मुलं आहेत, जागा म्हणजे शाळेचं पटांगण किंवा सभागृह, आणि वेळ ४५ मिनिटं. या वर्गासाठी चार ओळखीचे खेळ बदलून पाहू.

खुर्चीऐवजी रिंगण

ऑर्लिक यांच्या संगीत खुर्चीत मुलं शेवटी एकमेकांच्या मांडीवर बसतात. बालवाडीत ते मजेत चालतं. चौथी-पाचवीत मात्र मुलगे आणि मुली एकमेकांच्या मांडीवर बसायला लाजतात आणि त्यांना तसा आग्रह करूही नये. शिवाय शाळेतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चार मुलं लटकली की तिचा पाय मुडपतो. म्हणून खुर्च्या काढून जमिनीवर खडूने सुमारे एक मीटर व्यासाची १२ रिंगणं आखावीत. काही जण वर्तमानपत्राचे कागद पसरतात. मातीच्या अंगणात ते ठीक आहे, पण गुळगुळीत फरशीवर कागद पायाखालून सटकतो आणि मूल पाठीवर पडतं. फरशी असेल तर खडूच बरा.

ढोलकी किंवा गाणं सुरू असताना मुलं रिंगणांच्या मधून फिरतात. आवाज थांबला की प्रत्येकाचा एक पाय कुठल्या तरी रिंगणात हवा. दुसरा पाय हवेत असला तरी चालेल, बाहेरच्या जमिनीवर टेकला तर नाही. मग पाच आकडे मोजायचे. तेवढ्यात सगळ्यांचं जमलं, तर फेरी सगळ्यांनी जिंकली. पहिल्या फेरीत १२ रिंगणं, म्हणजे प्रत्येकात दोघंच. नंतर दर फेरीला दोन रिंगणं पुसायची : १०, ८, ६, ४. सहा रिंगणांवर चौघं-चौघं येतात तेव्हा मुलं हात धरायला लागतात. चारवर सहा-सहा आली की आधी कोण आत आणि कोणाला कोणी धरायचं याची आरडाओरड सुरू होते. खेळाचं खरं बारसं इथे होतं. शेवटची फेरी तीन रिंगणांची, प्रत्येकात आठ जण. ती जमली तर जमली. नाही जमली, तर चार रिंगणांचा विक्रम फळ्यावर लिहायचा आणि पुढच्या आठवड्यात तिथून पुढे जायचं. सहा फेऱ्यांना दहा मिनिटं पुरतात.

धाकधूक इथे कमी होत जाणाऱ्या जागेतून येते आणि शेवट फळ्यावरच्या आकड्याने होतो. काही बिनसतंय हे ओळखायची खूण सोपी आहे. मुलं एकमेकांना आत ओढत असतील तर खेळ ठीक चालला आहे, बाहेर ढकलत असतील तर रिंगण लहान झालं आहे. अशा वेळी उपदेश करत बसू नये. एक रिंगण परत आखावं आणि पुढची फेरी घ्यावी.

तळ्यात, मळ्यात आणि हुकूम देणारा

‘तळ्यात-मळ्यात’ मराठी घरांत कुणाला शिकवावं लागत नाही. एक मोठं रिंगण, आत तळं, बाहेर मळा. राज्य असलेला हुकूम देतो आणि मुलं उडी मारतात. दोनदा लागोपाठ ‘तळ्यात’ म्हणून तो फसवतो आणि जो चुकतो तो आऊट. या खेळात लक्ष आणि कान पक्के होतात असं सगळेच सांगतात, पण ज्याचं लक्ष पक्कं नाही ते मूल दुसऱ्याच मिनिटाला बाहेर बसतं.

याला अमर करायचा उपाय असा : सगळी मुलं एका बाजूला, हुकूम देणारा दुसऱ्या बाजूला. एका हुकमावर सगळ्यांची उडी बरोबर पडली तर मुलांना एक गुण. एक जरी चुकला तरी हुकूम देणाऱ्याला एक गुण. आधी दहा गुण करेल तो पक्ष जिंकला, मग नवा हुकूमदार. चुकलेलं मूल जागेवरून हलत नाही, पुढच्याच हुकमाला ते पुन्हा उडी मारतं.

इथे एक खड्डा आहे आणि तो पहिल्याच डावात दिसतो. ‘याच्यामुळे गुण गेला’ म्हणून सगळ्यांचे डोळे एका मुलाकडे वळतात. आऊट केलेलं परवडलं असं त्याला वाटू शकतं. त्यावर तोडगा हुकमाच्या वेगात आहे. शिक्षकांनी पहिल्या डावात स्वतः हुकूम द्यावेत आणि इतके भराभर द्यावेत, की दर वेळी पाच-सहा मुलं चुकतील, हुशार मुलंसुद्धा. गुण मात्र एकच धरायचा, कितीही जण चुकले तरी. कोण चुकलं हे नावानिशी कधीच पुकारायचं नाही. दोन मिनिटांत मुलांना समजतं की इथे चुकणं सगळ्यांच्याच वाट्याला आहे आणि आपला सामना हुकूमदाराशी आहे.

मोठ्या वर्गासाठी दुसरी रीतही सोयीची पडते. बारा-बारा मुलांची दोन रिंगणं आणि दोन हुकूमदार. या रिंगणात चुकलेलं मूल पळत जाऊन त्या रिंगणात सामील होतं आणि तिथलं इकडे येतं. पाच मिनिटांनी गट पार मिसळून जातात. काही मुलं पलीकडचा मित्र गाठायला मुद्दाम चुकतात. एखाद-दुसऱ्याने तसं केलं तर काही बिघडत नाही. सगळीच करू लागली, की खेळ बदलायची वेळ झाली असं समजावं. ‘शिवाजी म्हणतो’ हा खेळही या दोन्ही पद्धतींनी तसाच बदलता येतो.

विषामृताचा तोल

विषामृत जन्मापासूनच संजीवनीच्या घरचं आहे. राज्य असलेल्याने शिवून ‘विष’ म्हटलं की मूल तिथेच थिजतं, मोकळ्या गड्याने शिवून ‘अमृत’ म्हटलं की ते पुन्हा पळू लागतं. कुणीच कायमचं बाद होत नाही. तरीही अनेक शाळांत हा खेळ फसतो, कारण २४ मुलांवर एकट्याचं राज्य असतं. तो एकाला विष देईपर्यंत दुसरीकडे दोघं जिवंत होतात. पाच मिनिटांत त्याचा दम निघतो, राज्य उतरत नाही आणि अखेर तो रडवेला होऊन ‘मी नाही खेळत’ म्हणतो. बाद करणं नसलं, तरी एका मुलाचा तास इथेही वाया जातो.

उपाय दोन. राज्य एकट्यावर कधी द्यायचं नाही आणि डाव घड्याळावर बांधायचा. २४ मुलांत चौघांवर राज्य द्यावं, त्यांच्या दंडाला रुमाल बांधावा आणि डाव दोन मिनिटांचा ठेवावा. शिट्टी झाली की सगळ्यांनी आहे तिथे थांबायचं आणि किती जण थिजलेले आहेत ते मोठ्याने मोजायचं. समजा नऊ निघाले. मग पुढच्या चौघांपुढे दहाचं आव्हान. सहा डाव झाले की प्रत्येक मुलावर एकदा राज्य येऊन जातं. डावांची १२ मिनिटं आणि मधल्या अदलाबदलीची दोन-तीन, एवढ्यात हे बसतं. चौकड्या शिक्षकांनी आधीच ठरवाव्यात आणि प्रत्येकीत पळणारे आणि न पळणारे असे दोन्ही घालावेत.

चारचा आकडा काही पक्का नाही. पटांगण मोठं असेल तर चौघं कमी पडतात, वर्गखोलीत तेच चौघं दोन मिनिटांत सगळ्यांना गोठवतात. म्हणून पहिला डाव मोजणीसाठी खेळावा. शिट्टीच्या वेळी थिजलेली मुलं निम्म्याहून जास्त असतील तर राज्यावरचा एक गडी कमी करावा, चार-पाचच असतील तर एक वाढवावा. अमृत द्यायची रीतही आधी ठरवावी. थिजलेल्याच्या पायांतून सरपटत जाऊन त्याला सोडवणं मुलांना फार आवडतं, पण त्यात गुडघे डोक्यावर आपटतात. थिजलेल्याने तळहात पुढे धरायचा आणि सोडवणाऱ्याने त्यावर टाळी द्यायची, एवढं पुरतं.

आणखी एक गोष्ट नजरेत ठेवावी लागते. कोपऱ्यातलं एखादं मूल थिजलेलंच राहतं, कारण त्याचं नाव कुणाच्या ओठांवर नसतं आणि त्याला मोठ्याने हाक मारायला जमत नाही. त्यासाठी नियमात एक ओळ वाढवता येते : एकालाच लागोपाठ दोनदा सोडवायचं नाही. मग जिगरी दोस्तांपलीकडेही नजर टाकावी लागते.

साखळी लांबली की

साखळीच्या खेळात पकडलेलं मूल पकडणाऱ्याच्या बाजूला जातं. सगळ्यात हळू पळणारं मूल पहिल्यांदा सापडतं खरं, पण सापडल्यावर त्याचा खेळ संपत नाही, उलट तिथून तो खऱ्या अर्थाने सुरू होतो. शेवट आपोआप येतो, कारण पळणारे संपत जातात. आणि शेवटी उरलेल्या एकाच्या मागे अख्खा वर्ग लागतो, ही गंमत कुणालाच बसून पाहावी लागत नाही.

धोका आहे तो साखळीच्या लांबीत. सात-आठ मुलांची साखळी वळली की मधली दोन पावलं टाकतात आणि टोकाच्या मुलाला तेवढ्याच वेळात दहा टाकावी लागतात. टोकाला लहान मूल असेल तर ते फरफटतं, मनगट ओढलं जातं, हात सुटला की ते तोंडावर पडतं. म्हणून चौघांची साखळी झाली की तिचे दोन तुकडे करायचे, दोन आणि दोन. प्रत्येक तुकडा स्वतंत्र साखळी. हात सुटलेले असताना शिवलेलं धरायचं नाही. या दुसऱ्या नियमामुळे सगळ्यांत हळू पळणाऱ्या जोडीदाराच्या वेगानेच साखळीला पळावं लागतं. भिंती, नळाचा कट्टा, झेंड्याचा चौथरा यांपासून चार-पाच पावलं सोडून हद्द आखावी.

कच्चा लिंबू चालेल का?

गल्लीतल्या खेळांत यावर एक जुनी सोय आहे. धाकट्या भावंडाला ‘कच्चा लिंबू’ म्हणून खेळात घेतात. त्याला कितीही शिवलं तरी तो आऊट होत नाही. चार वर्षांच्या पोराला ते पुरतं. नऊ वर्षांच्या मुलाला मात्र पक्कं कळतं की आपल्याला शिवायला कुणी येत नाही आणि आपण शिवलेलं कुणी मोजत नाही. शाळेच्या खेळवर्गात एखाद्या मुलाला अशी सवलत देण्याऐवजी सगळ्यांचाच नियम बदललेला बरा. एखादं मूल कुबडी घेऊन चालत असेल, तर विषामृत सगळ्यांनीच चालत खेळायचं, धावेल तो आपोआप थिजेल. चालत खेळलेलं विषामृत दिसायला संथ असतं, पण त्यात डावपेच वाढतात आणि जागाही कमी लागते. पावसाळ्यात व्हरांड्यात खेळायलाही हीच रीत उपयोगी पडते.

खेळायचंच नाही असं एखाद्या दिवशी कुणाला वाटलं, तर त्याला बळेच रिंगणात उभं करू नये. शिट्टी, घड्याळ, ढोलकी, फळ्यावरचे आकडे ही कामं त्याच्याकडे द्यावीत आणि पुढच्या डावाआधी पुन्हा विचारावं. बाहेर बसायचं की आत यायचं हे खेळाने ठरवू नये, मुलाने ठरवावं.

४५ मिनिटांची मांडणी मग अशी होते. सुरुवातीची पाच मिनिटं जमवाजमव आणि नियम, कारण नियम दोन मिनिटांहून लांबले की मुलं ऐकत नाहीत. पुढे दहा मिनिटं रिंगणं, दहा मिनिटं तळ्यात-मळ्यात, पंधरा मिनिटं विषामृत आणि उरलेली पाच मिनिटं श्वास घ्यायला, पाणी प्यायला. साखळी पुढच्या आठवड्याला ठेवावी. चारही खेळ एका तासात कोंबले, तर वेळ खेळण्यात जाण्याऐवजी नियम सांगण्यातच जातो. धावण्याचे दोन खेळ लागोपाठही घेऊ नयेत. म्हणून मध्ये एका जागी उड्या मारण्याचं तळ्यात-मळ्यात येतं.

पहिल्या दिवशी कुणीतरी हटकून विचारतं, ‘बाई, मग जिंकलं कोण?’ हा प्रश्न रास्त आहे आणि ‘सगळेच जिंकले’ हे गोड उत्तर पाचवीतल्या मुलांना पटत नाही. त्यांना आकडा हवा असतो, तो द्यावा. आज रिंगणं चारवर अडली, हुकूमदार दहा-सातने जिंकला, विषामृतात सगळ्यात जास्त ११ जण थिजले. हे तीन आकडे फळ्याच्या कोपऱ्यात चौकट करून पुढच्या आठवड्यापर्यंत ठेवावेत. ज्यांना चढाओढीचीच हौस आहे त्यांच्यासाठी शाळेत खो-खो आहे, कबड्डी आहे, धावण्याच्या शर्यती आहेत. तिथे बाद होण्याला अर्थ आहे, कारण तिथे मुलं सराव करून, स्वतःहून नाव देऊन उतरलेली असतात. खेळवर्गातली मुलं मात्र हजेरीपटावरून आलेली असतात आणि ४५ मिनिटांचा तास त्या प्रत्येकाच्या नावावर लावलेला असतो.